एम-८०चा आवाज आणि चारशे शब्द

मे महिन्यात बहिणीकडे निरवांगीला गेलो होतो. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, वीज नेहमीप्रमाणे गेलेली. भाचीने फुलस्केपचे सात कागद माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "मामा, एवढं बघा ना. लांबलंय का, कुणाला लागेल असं काही आहे का, आणि शेवटी डोळ्यांत पाणी येईल का, तेवढं सांगा."

भाची नीरेच्या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वर्षभरापूर्वीच बदलून आलेली. तिचे मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त होणार होते. ही तारीख ऐकून मला हसू आलं, कारण महाराष्ट्रात गुरुजी निवृत्त होतात ते बहुतेकदा ३१ मेलाच. पूर्वी पोराला शाळेत घालताना आईबापांना जन्मतारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे एका पिढीच्या गुरुजींनी लिहिलेली ती सोयीची तारीख पुढच्या पिढीच्या गुरुजींना भर उन्हाळ्यात मांडवाखाली निरोप घ्यायला लावते. हा उन्हाळा पुढे भाषणाच्या लांबीत कामाला येणार आहे, म्हणून सांगितला.

तिने विचारलेले तीन प्रश्न मला आधी वेगवेगळे वाटले. लांबी हा घड्याळाचा प्रश्न, विनोद हा शहाणपणाचा आणि गहिवर हा नशिबाचा. त्या दुपारी कागद पुढेमागे करताना लक्षात आलं की तिन्हींचं उत्तर एकाच जागी दडलेलं असतं, आणि ही जागा सापडली की बाकीचं भाषण जवळजवळ आपोआप गळून पडतं.

सुरुवात घड्याळापासून केली. मी तिला म्हटलं, मनात वाचू नकोस, उभी राहा, समोर दोनशे माणसं आहेत असं समज आणि वाच. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. डोळ्यांनी वाचताना माणूस भराभर पुढे जातो, त्यामुळे लिहिणाऱ्याला आपलं भाषण नेहमी आखूडच वाटतं. बोलताना मात्र श्वास घ्यावा लागतो, माइकमधून आवाज घुमतो, तो विरण्यासाठी थांबावं लागतं. शिवाय आपले शब्द भरगच्च असतात. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द, पण त्याला लागणारा वेळ बघा. इंग्रजीतले मिनिटाला दीडशे शब्दांचे हिशोब म्हणून इथे चालत नाहीत. मी जेवढ्या वेळा मोजलं आहे तेवढ्या वेळा मंचावरचं मराठी मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या पुढे गेलं की घाईचं वाटायला लागतं.

भाचीचा मसुदा १,३४० शब्दांचा होता आणि तिला जवळजवळ तेरा मिनिटं लागली. कार्यक्रमपत्रिकेत बोलणारे अकरा जण. सगळ्यांनी तिच्याएवढंच बोलायचं ठरवलं तर नुसती भाषणं दोन तास तेवीस मिनिटं. त्याआधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, फेटे, शाल, श्रीफळ. जेवण एक वाजता, आणि आचाऱ्याने भात उतरवल्याचा वास मांडवात आला की पुढचा वक्ता प्रत्यक्ष बृहस्पती असला तरी हरतो. तिच्या वाट्याला पाच मिनिटं होती. पाच मिनिटं म्हणजे पाचशे शब्द नव्हेत. हशा, टाळ्या, माइक खाली-वर करणं आणि दोन-तीन ठिकाणी मुद्दाम थांबणं यात एक मिनिट जातं. उरले चारशे शब्द.

"चारशे शब्दांत काय होतंय, मामा?"

मी तिला लिंकनची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर ११ फेब्रुवारी १८६१ च्या पावसाळी सकाळी तो स्प्रिंगफील्ड गाव सोडून वॉशिंग्टनला निघाला. गाडीच्या मागच्या फलाटावर उभं राहून गावकऱ्यांशी जे बोलला ते सगळं मिळून दीडशेच्या आसपास शब्द. गाडी सुटल्यावर, बातमीदारांनी मागितलं म्हणून, ते कागदावर उतरवलं गेलं. तेवढ्यात काय काय आलं आहे पाहा: या गावात पाव शतक काढलं, तरुणपणी आलो आणि आता वय झालं, मुलं इथंच जन्मली, त्यातलं एक इथंच पुरलं आहे, आता जातोय आणि परत कधी येईन, येईन की नाही, ते ठाऊक नाही. आपल्या गुणांबद्दल अवाक्षर नाही. तो जिवंतपणी परत आला नाही, हे आपल्याला माहीत असल्यामुळे आज ते वाचताना अधिकच आत जातं, हे खरं. पण नंतरचं काहीच माहीत नसलेले लोकही त्या पावसात उभे राहून ऐकत होते.

यावर भाचीने चोख उलटा दाखला दिला. "मग सचिनचं कसं? तो तर किती वेळ बोलत होता."

खरंच की. १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडे. दोनशेवी कसोटी संपली होती आणि सचिन तेंडुलकर वीसेक मिनिटं बोलला. स्टेडियम हललं नाही. त्याच्या हातात नावांची यादी होती, कुणी राहून जाऊ नये म्हणून. वडील, आई, काका-काकू, भावंडं, पत्नी, मुलं, मित्र, गुरू, सहकारी, डॉक्टर, सगळे येऊन गेले. मग तिथे वीस मिनिटं का चालली? कारण तो जाणारा होता. निरोपाच्या भाषणाच्या दोन जाती आहेत आणि त्यांचं माप एक नाही. जाणाऱ्याला आभारांचं देणं फेडायचं असतं आणि त्याला पुन्हा तो माइक मिळणार नसतो, म्हणून लोक त्याला वेळ देतात. निरोप देणाऱ्याला ही सवलत नाही. तो अकरांतला एक असतो. भाची देणाऱ्यांत होती. तिची पाच मिनिटं पक्की.

आता १,३४० मधले ९४० काढायचे कुठून? मी पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला शब्दांची संख्या मांडली. व्यासपीठावरचे मान्यवर आणि संबोधन १५०. निरोप म्हणजे काय, जीवन हा प्रवास, दोन चारोळ्या, २१०. सरांचा जीवनपट, जन्म, डी.एड., कुठे कुठे बदल्या, ३४०. सर कसे मनमिळाऊ, शिस्तप्रिय, विद्यार्थीप्रिय, २८०. प्रत्यक्ष घडलेले किस्से २४०. शुभेच्छा आणि निरामय आयुष्य १२०. एवढं मांडल्यावर बोलायची गरजच उरली नाही. माणूस होता तो फक्त २४० शब्दांत. बाकी अकराशे शब्द कुठल्याही सरांना चालले असते. त्यांची खूण सोपी आहे. नावाच्या जागी दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या सरांचं नाव घालून वाचायचं. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते यांच्याबद्दल नव्हतंच. जीवनपट मात्र खराखुरा होता, पण तो मानपत्रात येणार होता आणि सूत्रसंचालकही वाचणार होता. तिसऱ्यांदा कशाला?

संबोधन कापायला ती तयार होईना. सरपंचांचं नाव राहिलं तर? त्यात तथ्य आहे, आपल्याकडे नाव राहणं हा वर्षभर पुरणारा विषय असतो. पण नावं घेणं हे सूत्रसंचालकाचं काम, आणि तिच्याआधीच्या सहा जणांनी ती घेतलेली असणार. "सर, व्यासपीठ, गावकरी आणि माझ्या मुलांनो" असं सहा शब्दांत उरकलं की कुणीच सुटत नाही, कारण कुणाचंच नाव घेतलेलं नसतं.

मग आलो विनोदांवर. चार होते.

विनोदाची एक उपपत्ती आहे, पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या दोघांनी २०१० मध्ये मांडलेली. त्यांचं म्हणणं असं की हसू येण्यासाठी काहीतरी रीत मोडावी लागते आणि त्याच क्षणी ते मोडणं निरुपद्रवीही वाटावं लागतं. रीत मोडलीच नाही तर विनोद मिळमिळीत. मोडली आणि उपद्रव वाटला तर मांडवात शांतता. मला यातलं आश्चर्य असं वाटतं की विनोद वाक्यात नसतोच, तो ऐकणाऱ्याच्या जागेवर असतो. निरुपद्रवी कुणाला, हा खरा प्रश्न. म्हणून कागदावरचा विनोद तपासायचा तर मांडवातली बसण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणावी लागते. पहिल्या रांगेत सरांची मुलं, सुना, व्याही. बाजूला केंद्रप्रमुख. मागे माजी विद्यार्थी, त्यांतले काही आता चाळिशीचे. आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. हेच वाक्य संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसवर, आगापिछा नसताना, तीस सेकंदांचं होऊन फिरणार.

पहिला किस्सा सरांच्या छडीचा. जुने विद्यार्थी अजून हात चोळतात, अशा अर्थाचा. मागच्या रांगा यावर नक्की खदखदून हसल्या असत्या, कारण त्यांच्यासाठी ती गोष्ट केव्हाच निरुपद्रवी झाली आहे. पण शिक्षणहक्क कायदा २००९चा, आणि त्याचं सतरावं कलम मुलांना मारायला मनाई करतं. केंद्रप्रमुखांसमोर, मोबाइल चालू असताना, निवृत्तीच्या दिवशी सरांच्या नावावर छडी जमा करायची? सर हसतील, पण कसनुसं. हा विनोद कट्ट्यावरचा आहे, मंचावरचा नाही.

दुसरा: आता सर घरी बसणार, म्हणजे काकूंच्या शाळेत त्यांची हजेरी लागणार. हा वाचताना मी तिला विचारलं, काकू येणार आहेत का? तिला ठाऊक नव्हतं. विनोद कुठला? फोनवर फिरत आलेला, तयार भाषणांतला. शाळेत वीस वर्षं असलेल्या मदतनीस मावशींना तिने फोन लावला. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. फोन ठेवून ती बराच वेळ काही बोलली नाही. उसना विनोद उसन्या शर्टासारखा असतो, त्याच्या खिशात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. तिने स्वतः पाहिलेलं, स्वतः ऐकलेलं असतं तर ही चूक होऊच शकली नसती. चार विनोदांतला हा सर्वांत धोक्याचा होता आणि दिसायला सर्वांत साधा, हे मला आजही चकित करतं.

तिसरा तिच्या स्वतःवर. रुजू झाल्या दिवशी तिने पहिलीच्या वर्गात दरडावून "शांत बसा" म्हटलं, आणि एक पोरगी म्हणाली, "बाई, आमी शांतच हाय, तुमीच वरडताय." दारात उभे असलेले सर ते ऐकून काहीही न बोलता निघून गेले, मात्र मधल्या सुट्टीत तिच्यासाठी चहा पाठवला. हा ठेवला. हसं होतं बोलणारीचं, आणि सरांचा स्वभाव 'मनमिळाऊ' न म्हणता कळतो.

चौथा सरांच्या गाडीचा. सरांकडे जुनी बजाज एम-८० आहे. तिचा आवाज कॅनॉलच्या पुलापासून ऐकू येतो. आवाज आला की पटांगणातली पोरं वर्गात, वर्गातली बाकावर आणि बाई फळ्यापाशी. घंटेआधी शाळा भरते ती एम-८०वर. इथे हसू कुणावर? एका जुन्या गाडीवर. गाडी रागावत नाही, तिला व्याही नसतात. मसुद्यात मात्र हा किस्सा चौथ्या पानावर तीन ओळींत दबून गेला होता.

मी पेन्सिल खाली ठेवली. सापडली होती ती जागा.

सचिनच्या भाषणात रमाकांत आचरेकर सर येतात तिथे बघा. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, त्याला सामने मिळावेत म्हणून. आणि मग तो गमतीत सांगतो की एकोणतीस वर्षांत सर मला कधी 'चांगला खेळलास' म्हणाले नाहीत, डोक्यात जाईल म्हणून. आता म्हणायला हरकत नाही, कारण यापुढे सामनेच नाहीत. स्टेडियम हसलं आणि त्याच हसण्यात गलबललं. विनोदाचं वाक्य वेगळं आणि रडवणारं वेगळं असं तिथे काही नाही. ज्या गोष्टीवर हसलो तीच आता असणार नाही, एवढंच कळतं. एम-८०ही तशीच होती. १ जूननंतर कॅनॉलच्या पुलावरून तो आवाज येणार नाही. सुरुवातीला हसवणारा आवाज शेवटाकडे त्याच्या नसण्याने परत आणायचा, की विनोद जपून जातो, लांबी आटोक्यात येते आणि गहिवराची सोय वेगळी करावी लागत नाही.

हे आपल्याकडे नवं नाही. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन असतं ते निरोपाचंच. पण त्यात विषय काय असतो? गोकुळातल्या खोड्या, सवंगड्यांच्या शिदोऱ्या, चोरलेलं लोणी. महाराज तासभर हसवतात, आणि हंडी फुटून काल्याचा घास हातावर पडतो तेव्हा आठ दिवसांचा मांडव सुना होणार हे न सांगता उमगतं.

राहिला प्रश्न चढउताराचा. गहिवर कुठे ठेवायचा? भाचीचा हट्ट की अगदी शेवटी, सगळे रडत असतानाच खाली उतरायचं. मी तिला थंड पाण्याचा प्रयोग सांगितला. १९९३ मध्ये डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिट, आणि वर आणखी अर्धं मिनिट, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत कोमट होत गेलं. पुन्हा करायचं झालं तर कोणतं, असं विचारल्यावर दोन तृतीयांशांहून अधिक लोकांनी दुसरं, म्हणजे जास्त वेळाचं दुखणं निवडलं! आठवण वेळ मोजत नाही. ती सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवते. अर्थात तो प्रयोग हाताच्या दुखण्याचा होता, भाषणाचा नव्हे, आणि यावरून भाषण कितीही लांबवलं तरी चालतं असं कुणी समजू नये. भाताचा वास विसरू नका. पण शेवट अंशभर कोमट असावा, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. आपली भाषा तर हे आधीपासून जाणते. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

म्हणून एम-८० थांबल्याचं वाक्य शेवटी नाही, तर चौथ्या मिनिटाला ठेवलं. त्यानंतर एक कोमट गोष्ट: त्या दटावणाऱ्या पोरीने सरांसाठी केलेलं कार्ड. त्यात गाडी काढली होती आणि गाडीला तीन चाकं होती, कारण तिच्या मते सर पडू नयेत.

वाचून पाहताना एम-८०पाशी भाचीचा गळा दाटला. हे शरीराचं काम आहे. भावना उसळली की जास्त हवा आत यावी म्हणून घशातली फट रुंद राहू पाहते, आणि आवंढा गिळताना तीच बंद व्हावी लागते. ही ओढाताण म्हणजे तो गोळा. लांब वाक्य असेल तर त्या गोळ्यावर अडखळतं. तिचं मूळ वाक्य चोवीस शब्दांचं होतं. ते तोडलं: "आता पुलावर आवाज येणार नाही. घंटा आम्हालाच वाजवावी लागेल." आठ-नऊ शब्दांत घसा निभावून नेतो. पहिल्या वाक्यानंतर कागदावर एक आडवी रेघ मारली, म्हणजे तिथे थांबायचं आणि वर बघायचं.

शेवटचा मसुदा ३९० शब्दांचा झाला. घरच्या अंगणात चार मिनिटं.

३१ मेला मीही गेलो होतो, मागे खुर्ची धरून. तिचा नंबर आठवा आला. "शांत बसा"ला अपेक्षेपेक्षा मोठा हशा पिकला. आडव्या रेघेपाशी ती थांबली, आणि त्या थांबण्यात मागून एक चाळिशीचा माणूस मोठ्याने म्हणाला, "खरंय बाई." मग टाळ्या. पुढचं वाक्य तिला मिनिटभर म्हणताच आलं नाही. घड्याळात पाच मिनिटं पन्नास सेकंद झाली आणि कुणी भाताकडे पाहिलं नाही.

सर मनोगताला उठले. खिशातून चार पानं काढली, चष्मा लावला, पहिल्या पानाकडे जरा वेळ पाहिलं आणि ती परत खिशात घातली. म्हणाले, "गाडी आज पुलावर बंद पडली. ढकलत आणलीय. म्हणून कुणाला आवाज आला नाही."